दाजींचं हलकं खाणं

माझे दाजी भागवतराव लातूरच्या मार्केट यार्डात मापाडी आहेत. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन बघायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचं, हे त्यांचं काम. त्यांचे वडीलही तेच करायचे. सौदा आटोपला की चाकूर-निलंग्याकडचे शेतकरी मुद्दाम विचारतात, "भागवतराव हायेत का काट्यावर?" आणि असले, की निवांत तंबाखू मळत बसतात. काटा दोन दाणे झुकला असं कुणी म्हणू नये म्हणून हा माणूस व्यापाऱ्याच्या दुकानात चहासुद्धा घेत नाही. त्यामुळं घरी येऊन दुप्पट पितो आणि आमच्या अक्काला त्रास देतो, ते वेगळं.

माणूस सोन्यासारखा आहे, पण वजनाचं खूळ फार. लग्नात जेवायला बसले की पानातली जिलबी हातावर तोलणार. बारशाला गेले की बाळ उचलून आकडा सांगणार आणि बाळाच्या आईला राग येणार. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, तेव्हा हे माझी ट्रंक उचलून म्हणाले, "सिंधु, एवढं काय भरलंय गं, नवरदेवाची कंबर मोडंल." मी त्यांची मेहुणी आहे, त्यामुळं त्यांना बोलायचा हक्क मला आहे आणि तो मी पुरेपूर वापरते.

त्यांची एकुलती एक मुलगी तनुजा. बी.ए. झाली आणि पोलीस भरतीच्या मागं लागली. पहाटे उठायची, ग्राउंडवर जाऊन पळायची, गोळा फेकायची, घामाघूम होऊन घरी यायची. पोरगी कष्टाला कमी नव्हती. पण बारावीनंतर तिचं वजन वाढायला लागलं ते थांबेचना, आणि सगळं पोटावर. हनुवटीवर केस यायला लागले, ते ती कुणाला न सांगता उपटायची. मानेवर काळा पट्टा उमटला. अक्का दर रविवारी तिला मोरीत बसवून लिंबाच्या फोडीनं ती मान घासायची आणि म्हणायची, "पळतीस, घाम येतो, पण नीट अंघोळ करीत न्हाईस." मान लाल व्हायची, काळी राहायची. पाळीचं म्हणाल तर दोन-तीन महिने पत्ताच नसायचा. त्यावर अक्काचं म्हणणं, पळण्यानं असं होतं, लग्न झालं की बरं होतं. आमच्याकडं पोरींच्या निम्म्या दुखण्यांना हेच औषध सांगतात.

दाजींना यातलं फक्त वजन दिसत होतं. ते त्यांच्या धंद्यातलं होतं ना! रविवारी यार्ड बंद असलं की तनुजाला घेऊन जायचे आणि सोयाबीनच्या काट्यावर उभी करायचे. चपला काढायच्या. ड्रेस आधीच घरी वेगळा मोजून ठेवलेला, तो वजा करायचा, पोत्याचं बारदान वजा करतात तसा. मी एकदा म्हटलं, "दाजी, सोयाबीनचं बगता तसं मॉइश्चर बी बगा की पोरीचं." त्यांना ते पटलं, हेच वाईट. त्या दिवसापासून घामाचा विचार करून तिला पळून आल्यावरच काट्यावर घ्यायला लागले.

मग त्यांनी स्वतःच इलाज शोधला. एके दिवशी दुकानातून मुरमुऱ्यांचा अख्खा कट्टा खांद्यावर टाकून घरी आले आणि अक्काला म्हणाले, "आजपासनं पोरीला हलकं खायला द्यायचं." मी तिथंच होते. त्यांनी तो कट्टा एका हातानं उचलून दाखवला. "बग सिंधु, हलकं म्हंजे असं. पोतंभर खाल्लं तरी वजन किती चढल?" मी पोरींची खानावळ चालवते, ट्यूशनला आलेल्या कितीतरी पोरी माझ्या हातचं जेवतात. तरी त्या घडीला मी त्यांना अडवलं नाही. हसू मात्र फार आलं.

झालं, हलक्याचं राज्य सुरू झालं. सकाळी मुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेली सुशीला, दुपारी खारी किंवा टोस्ट, संध्याकाळी पुन्हा मुरमुरे आणि चहा. चहाला बंदी नव्हती, कारण दाजींच्या मते तो पाणीच, साखर विरघळली की तिचं काय राहतं! जड म्हणून जे-जे हाताला लागलं ते बंद. वरण बंद, मटकीची उसळ बंद, अंडं बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, आणि मराठवाड्यातल्या पोरीची ज्वारीची भाकरीसुद्धा बंद. पोरगी ते खाऊन पळायची. वजन काट्यावर जरा वरच सरकायचं.

"काटा खोटं बोलत न्हाई," दाजी म्हणायला लागले. याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. काटा खरा, तर पोरगी खोटी. पळते म्हणते आणि कुठंतरी बसते, मुरमुरे खाते म्हणते आणि बाहेर चरते. तनुजानं दोनदा सांगितलं, "अप्पा, म्या खरंच पळते." दाजींनी मान फिरवली. मला त्यांचा तेव्हा मनापासून राग आला. परक्या शेतकऱ्याच्या शब्दाला जपणारा माणूस, आणि पोटच्या पोरीचा शब्द त्याला पटेना.

आणि नेमकं नको तेच झालं. एका दुपारी ग्राउंडवरून तनुजा थेट माझ्या खानावळीत आली. हात थरथरत होते, डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणाली. मी ताट वाढलं. ती दोन्ही हातांनी जेवायला लागली, वरण-भात, पोळी, पुन्हा भात. तिची भूक बघून मलाच भरून आलं. तेवढ्यात दारात दाजी! मिरच्या द्यायला आले होते. ताटाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं.

"हे पळणं चालू हाय व्हय?" ते म्हणाले. "बास झालं. उद्यापासनं ग्राउंड बंद. भरती न्हाई आन् काय न्हाई. लबाड पोरीला वर्दी कोण देतंय?"

तनुजा घास तोंडात तसाच धरून बसली. रडली नाही. हात धुतला आणि म्हणाली, "मावशी, खरंच मी खोटी हाय का गं? मला भूकच आवरत न्हाई." आता खानावळवालीला भूक ओळखता येते. हावऱ्याची भूक वेगळी आणि ही वेगळी. मी त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरकडं नेलं, कुणाला न विचारता.

डॉक्टर मनतशा आमच्या गावचीच पोरगी. बायकांची डॉक्टर, हसरी, पण नजर धारदार. तिनं तनुजाला पाळीचं विचारलं, हनुवटी बघितली आणि मग ओढणी बाजूला करून मानेकडं बघितलं. "ही घासता का?" तिनं विचारलं. "आई घासती," तनुजा म्हणाली. "तिला सांग, मानेचा काही गुन्हा नाही." थायरॉईड, हार्मोन, शुगर, सोनोग्राफी अशा तपासण्या लिहून दिल्या. पुढच्या खेपेला निदान सांगितलं, पीसीओएस. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, न पिकता अडकून राहिलेल्या बीजाच्या बारीक पिशव्या आहेत, हेही समजावलं, कारण मी 'गाठी' ऐकूनच खुर्ची धरली होती. शेवटी म्हणाली, "घरातलं कोण हे मानणार नाही? त्यांना घेऊन या."

दाजींना नेणं म्हणजे अडलेला बैल ओढणं. पण रिपोर्ट हातात पडल्यावर ते स्वतःच उठले, कारण त्यात लिहिलं होतं, शुगर नॉर्मल. दवाखान्यात पोचताच त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. "डॉक्टरबाई, सगळं नॉर्मल हाय. मंग आजार कशाचा? पोटात जाईल तेवढंच वजन वाढतंय. हवेनं वाढतंय का?"

मला वाटलं आता भांडण होणार. पण डॉक्टर म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे. हवेनं नाही वाढत. खाल्लेल्यातूनच वाढतं. पण आलेला माल पुढं कुठं जातो, ते काट्यावर दिसतं का?"

"न्हाई. ते हमाल जाणे."

"हां! हमाल. आपण जेवलो की अन्नाची साखर होऊन रक्तात उतरते. ती उचलून पेशींच्या गोदामात नेणारा हमाल म्हणजे इन्सुलिन. तुमच्या मुलीच्या अंगात गोदामांची दारं कडक झालीत. हमाल ढकलतो, दार उघडत नाही. तुम्ही यार्डात काय कराल?"

"मुकादमाला सांगू. आमचा ईश्वरप्पा हाय, तो आणखी हमाल लावंल."

"शरीर पण तेच करतं. जास्त इन्सुलिन सोडतं. मग जोर लावून माल आत जातो, यार्ड, म्हणजे रक्त, साफ होतं. आता मी बाहेरून आले आणि नुसतं यार्ड बघितलं तर काय म्हणेन?"

"माल शिल्लक न्हाई. सगळं…" दाजी अडले. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला. "नॉर्मल. आन् हमाल किती लागले, ते ह्याच्यात कुटं लिवलंय?"

"नाही लिहिलं. ही शुगरची तपासणी आहे, हमालांची नाही. हमाल जास्त झालेत, हे मला मानेनं सांगितलं. रक्तात इन्सुलिन वाढलेलं असलं की तिथली कातडी अशी जाड, काळी होते."

दाजींनी पोरीच्या मानेकडं बघितलं, आणि मला वाटतं, कितीतरी दिवसांनी त्यांनी तिच्याकडं काट्याशिवाय बघितलं.

डॉक्टर पुढं सांगत होती. चरबीचं गोदाम या हमालांचं अजून बरंच ऐकतं, माल आत घेतं. पण एवढे हमाल आत न्यायला उभे असले की बाहेर काढायचं काम मंदावतं, म्हणून साठवलेली चरबी सहज जळत नाही. त्यात साखर झपकन चढते आणि झपकन उतरते, मग हात कापतात, भूक लागते, गोड हवंसं वाटतं, आणि माणूस लागतं त्याच्यापेक्षा जास्त खातो. "ती चोरून खात नाही काका. तिला भूक लागते, आणि ती खरी असते." आणि हेच वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला चिथावतं, तिथं पुरुषी हार्मोन जास्त तयार होतात, मग केस येतात, बीज पिकत नाही, पाळी लांबते. बारीक पोरींनाही हे होतं, फक्त त्यांना कुणी लबाड म्हणत नाही. हे शेवटचं वाक्य तिनं फार गोड आवाजात म्हटलं.

"दारं कडक होतातच कशामुळं?" दाजींनी विचारलं.

"नेमकं एकच कारण नसतं. बऱ्याचदा घराण्यातून येतं. तुमच्याकडं शुगर कुणाला?"

दाजींनी कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "माझ्या मायला होती. आता मलाबी सांगितलीय."

मला हे माहीत नव्हतं. अक्कालाही नव्हतं. साखर पाण्यात विरघळली की तिचं काय राहतं, असं म्हणणारा हाच तो माणूस!

"तनुजा खाते काय?" डॉक्टरनं विचारलं. दाजींनी छाती जरा पुढं काढून सांगितलं, "हलकं. मुरमुरे."

डॉक्टरनं तोंडावर हात धरला. हसू आवरून म्हणाली, "काका, मुरमुरे हातात हलके. पोटात गेले की लगेच साखर. सगळे ट्रक एकदम गेटवर, आणि चहा-खारीचे वेगळे. मग हमाल किती लागतील?"

"ईश्वरप्पा पळून जाईल," दाजी पुटपुटले.

"तेच वरण, उसळ, अंडं, पालेभाजी, आणि सोबत एखादी भाकरी असली की ट्रक एकामागं एक येतात. गर्दी होत नाही. पोटही भरलेलं राहतं."

"म्हंजे मी जड म्हणून जेवढं बंद केलं, तेच पाहिजे होतं." त्यांनी कपाळाला हात लावला. "आन् पळणं? ते बी म्या बंद केलंय."

आता डॉक्टर हसली नाही. "पळताना स्नायूंची दारं इन्सुलिनशिवायही उघडतात. नंतरही दिवसभर दार सैल राहतं, कमी हमालांत काम होतं. वजन उतरलं नाही तरी हा फायदा होतच असतो. ती पळत होती म्हणून एवढ्यावर निभावलं. तुम्ही तिचं औषध बंद केलंत."

गोळ्या लिहून दिल्या, पाळी नीट व्हायच्या आणि इन्सुलिनचा भार कमी करायच्या. वजन हळू उतरेल, कधी थांबेल, दर आठवड्याला काट्यावर उभी करू नका, कमरेचं माप बघा, आणि हे आयुष्यभर सांभाळायचं आहे, असं सगळं सांगितलं. दाजी मान हलवत होते. खाली आलो. रिक्षा समोर असून ते बसेनात. तनुजासमोर उभे राहिले आणि सगळ्या रस्त्यासमोर म्हणाले, "म्या तुला लबाड म्हणलो."

"म्हणला," तनुजा म्हणाली.

"चुकलं माझं."

ती सरळ रिक्षात जाऊन बसली. बापाला एवढ्यात सोडायचं तिच्या मनात नव्हतं, आणि मला ते फार आवडलं. रिक्षा निघाल्यावर मात्र तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं.

उरलेल्या मुरमुऱ्यांचा अक्कानं चिवडा केला, तो यार्डात हमालांनी खाल्ला. तनुजाचं ग्राउंड पुन्हा सुरू झालं, आणि दाजी आता दुसऱ्या टोकाला गेले. रोज मटकी भिजत घालायचे, मोड आले का ते उठून-उठून बघायचे. खानावळीत येऊन मला शिकवायचे, "सिंधु, पोरींच्या ताटात उसळ वाढव. भाताचे ट्रक लई सोडून राहिलीस तू." यार्डात कुणी गोळीबिस्कीट पुढं केलं तर "गेटवर गर्दी हुतीय" म्हणून परत करायचे. त्यांची स्वतःची शुगरही खाली आली, पण श्रेय ते मटकीला देतात, बायकोला नाही.

वजन फार नाही उतरलं. थोडं उतरलं, अडलं, पुन्हा थोडं उतरलं. दाजींचा जीव खालीवर व्हायचा. मग पावसाळा सरता-सरता गोळ्यांच्या आधाराशिवाय तनुजाची पाळी आपली आपण आली. तिनं अक्काला सांगितलं, अक्कानं मला, आणि मला राहवेना म्हणून मी दाजींना फोन केला. ऐन सौद्याची वेळ होती. "दाजी, तनुची पाळी आली!" मी ओरडले. पलीकडं नुसता गोंगाट. घरातल्या बायकांच्या तोंडून असलं कधी न ऐकलेला माणूस! मग त्यांचा आवाज आला, दबका, पण खूश. "बरं, बरं. आवक आली म्हण की." तेव्हापासून आमच्या घरात त्याला आवक म्हणतात. पुढच्या महिन्यात दाजी माझ्यापाशी येऊन इकडं-तिकडं बघत विचारायचे, "काय गं, आवक कशी काय?" मी म्हणायचे, "तेजीत हाय." अक्का आम्हा दोघांना शिव्या द्यायची.

भरती नांदेडला होती. आम्ही चौघं एसटीनं गेलो. आत फक्त उमेदवार, आई-बाप कुंपणाबाहेर. आठशे मीटरला पोरी उभ्या राहिल्या, तेव्हा त्या काटक्यांमध्ये आमची तनुजा सहज ओळखू येत होती. शेजारचा एक गृहस्थ त्याच्या सोबत्याला म्हणाला, "ही जाडी काय पळती? अर्ध्यात बसंल बगा."

दाजी जन्मात कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी शांतपणे त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. "पावनं, त्या बाकीच्या मोकळ्या पळून राहिल्यात. माझी पोरगी सगळं वजन घिऊन पळायलीय. तुमी पाठीवर कट्टा घिऊन एक चक्कर मारा, मंग बोला." तो माणूस दुसरीकडं जाऊन उभा राहिला.

तनुजा पहिली आली नाही, पाचवी-सहावीही आली नाही. पण ती बसली नाही. शेवटच्या वळणावर चार जणींना मागं टाकून ती रेषेपलीकडं गेली, तेव्हा अक्का रडत होती, मी ओरडत होते आणि दाजी कुंपणाची तार मुठीत धरून नुसतेच उभे होते.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, ओढणीनं तोंड पुसत. "अप्पा, टायमात बसले मी."

आमच्या मागं एक जाणता बाप उभा होता, तिसऱ्या भरतीला आलेला. तो काळजीनं म्हणाला, "असं धरून चालू नका. इथं लई फसगत होती. बोर्डावर आकडा लागू द्या, डोळ्यानं बगा, मंग खरं माना."

आयुष्यभर आकडा पुकारलेल्या माझ्या दाजींनी तिची बॅग खांद्याला लावली आणि एसटी स्टँडची वाट धरली.

"आकडा कशाला?" ते म्हणाले. "पोरगी म्हणली न्हवं."